नियम क्रमांक चार

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर ताईने लॅपटॉप नवऱ्यापुढे सरकवला. "वाच जरा. उद्या सकाळी टीमला पाठवायचंय."

नवरा शाळेत गणित शिकवायचा. समोर काहीही वाचायला आलं की त्याचा हात आपोआप लाल पेन शोधायचा. पेन सापडलं नाही तेव्हा तो नुसताच वाचू लागला.

ताई डोळ्यांच्या एका मोठ्या रुग्णालयात अपॉइंटमेंट विभागाची टीम लीड होती. विभाग म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली, हेडफोन लावलेली नऊ माणसं, दोन काउंटर आणि सकाळी आठपासून न थांबणारे फोन. टीममधले सगळे तिला ताई म्हणायचे आणि आता वरचे डॉक्टरही म्हणू लागले होते. गेल्या आठवड्यात मॅनेजरांनी सगळ्या लीडना बोलावून सांगितलं होतं की प्रत्येक टीमने कामात सुधारणा सुचवणाऱ्या कल्पना गोळा करायच्या, त्यातली एखादी महिनाभर करून बघायची आणि आकडे द्यायचे. बाकीच्या लीडनी दोन ओळींचा मेल टाकून हात झटकले होते. ताईला ते जमेना. गेल्या वर्षी अशाच फेरीत तिच्या टीमकडून फक्त दोन कल्पना आल्या होत्या, आणि त्यातली एक पंखा दुरुस्त करण्याची होती.

म्हणून तिने मेल मन लावून लिहिला होता.

"मंडळी,

कल्पनांची फेरी सुरू करतोय. परीक्षा नाही, स्पर्धा नाही, घाबरायचं काही कारण नाही. थोडेसे नियम आहेत, तेही प्रेमाचे:

१. नाव लिहायचं नाही. फॉर्मची लिंक खाली आहे. कोणी काय लिहिलं ते मलाही दिसणार नाही.

२. अर्ध्या पानाच्या वर नको. तीनच गोष्टी लिहा: काय अडतंय, काय करून बघू या, आणि जमलं की नाही हे कशावरून कळेल.

३. अर्धीकच्ची कल्पना चालेल. वेडी तर पळेल.

४. 'हे आपण आधी करून पाहिलंय' हे वाक्य या फेरीपुरतं रजेवर आहे. :)

५. मुदत शुक्रवार संध्याकाळी पाच. सोमवारच्या बैठकीत सगळ्या कल्पना वाचू, प्रत्येकाला तीन मतं, आणि जिला जास्त मतं ती चार आठवडे करून बघू. जी निवडली जाणार नाही तिचं कारण मी स्वतः लिहून कळवीन.

शंका असेल तर माझ्या टेबलापाशी या. चहा माझ्याकडून."

नवऱ्याने मान वर केली. "छान आहे. चौथा नियम कोणासाठी आहे?"

"सगळ्यांसाठी."

"म्हणजे एकासाठी."

ताईने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, कारण काकांबद्दल ती घरी इतक्यांदा कुरकुरली होती की नवऱ्याने त्यांना आधी कधी बघितलं नसूनही रस्त्यात ओळखलं असतं.

काका म्हणजे टीममधले सगळ्यात जुने. अपॉइंटमेंट जाड रजिस्टरात पेन्सिलीने लिहायचे त्या काळापासूनचे. सात वर्षांपूर्वी ताई इथे लागली तेव्हा फोन कसा घ्यायचा, चिडलेल्या माणसाला आधी बोलू कसं द्यायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं. पुढे ती लीड झाली, ते तिच्या हाताखाली आले, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. चारचौघांत ते तिला 'तुम्ही' म्हणत, एकटी भेटली की 'तू'. माणूस सोन्यासारखा. पण बैठकीत कोणी काही नवीन म्हणालं की चष्मा कपाळावर सरकायचा आणि शांत आवाजात वाक्य यायचं: "हे आपण करून पाहिलंय." एकदा तिने मोजलं होतं. एका तासात सात वेळा. त्या वाक्यानंतर समोरच्याचा चेहरा असा पडायचा की महिनाभर तो तोंड उघडायचा नाही.

"काढून टाकू का तो नियम?" तिने विचारलं.

"ते मी कसं सांगू? टीम तुझी. पण खाली स्मायली टाकलीयस, म्हणजे तुलाही ते थोडं टोचलेलं दिसतंय."

ताईने स्मायलीकडे पाहिलं. ती आणि नियम, दोन्ही तसेच ठेवले.

सोमवारी सकाळी मेल गेला आणि पाच मिनिटांत खोलीत खसखस पिकली. लांबूने सगळ्यांना उत्तर टाकलं, "नियम चारचा विजय असो!" लांबू सहा फुटांच्या वर होता, हेडफोनची वायर त्याला कायम अपुरी पडायची, आणि विनोद केल्याशिवाय त्याचा दिवस सुरू व्हायचा नाही. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. काकांचं उत्तर फक्त ताईला आलं. त्यात एकच शब्द होता. "पोचलं."

ताईला बरं वाटलं नाही. पण शुक्रवारी पाच वाजता तिने फॉर्म उघडला आणि तिचं सगळं वाईट वाटणं पार पळालं. चौदा कल्पना! नऊ माणसं आणि चौदा कल्पना. कोणी लिहिलं होतं की फोनवर वाट बघणाऱ्याला आपला कितवा नंबर आहे ते ऐकू यावं. कोणी लिहिलं होतं की काउंटरची उंची चाकाच्या खुर्चीवरून दिसेल एवढी करावी. एकाने चहाच्या सुट्टीबद्दल लिहून अर्ध्या पानाची मर्यादा ओलांडली होती. आणि सहावी कल्पना वाचताना ताई खुर्चीत सरळ बसली.

अडचण तिला तोंडपाठ होती. डोळ्याच्या पडद्याच्या विभागात दर बुधवारी चाळीस रुग्ण बोलावलेले असत आणि त्यातले आठ-नऊ येतच नसत. इकडे प्रतीक्षा यादीतली माणसं दीड-दोन महिने तिष्ठत असत. सहाव्या कल्पनेत लिहिलं होतं: सोमवारी सकाळी सगळ्यांना मेसेज पाठवायचा, येणार असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. मंगळवारी बारापर्यंत उत्तराची वाट बघायची. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांची वेळ दुपारी दोन वाजता आपोआप मोकळी होईल आणि यादीतल्या माणसाला मिळेल. किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या त्यावरून कळेल, जमलं की नाही.

साधं, स्वच्छ, मोजता येण्यासारखं. कोणी लिहिलं ते न सांगताच सगळ्यांना कळलं, कारण बैठकीत ती वाचली जात असताना चिमणीचे कान लालबुंद झाले होते. चिमणी टीममधली सगळ्यात नवी, लागून चार महिने झालेले. आवाज इतका बारीक की फोनवरची माणसं तिला 'बाळ, घरात मोठं कोणी आहे का?' असं विचारायची. चार महिन्यांत ती बैठकीत एकदाही बोलली नव्हती.

ताईने कल्पना वाचून संपवली. टेबलाच्या त्या टोकाला चष्मा कपाळावर गेला.

"ताई, हे आपण..." काकांनी सुरुवात केली.

ताईने हसत हसत चार बोटं वर केली.

खोलीत हशा पिकला. लांबूने तर टेबलावर थाप मारली. काकाही हसले. चष्मा पुन्हा नाकावर घेतला, खिशातून रुमाल काढून काचा पुसल्या, आणि उरलेली सगळी बैठक ते काचा पुसत बसले. ताईने मग दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं. सहाव्या कल्पनेला सगळ्यात जास्त मतं पडली. काकांनीही तिला एक मत दिलं.

पहिल्या बुधवारी नुसती कमाल झाली. चाळीसपैकी एकच खुर्ची रिकामी राहिली. प्रतीक्षा यादीतली सात माणसं तपासून गेली. विभागाचे डॉक्टर खाली आले आणि चिमणीला म्हणाले, "तूच का ती?" चिमणीला हसावं की रडावं कळेना. ताईने मॅनेजरांना आकडे पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "उत्तम. पुढच्या महिन्यात सगळ्या विभागांना लावू."

दुसऱ्या आठवड्यात काका मंगळवार-बुधवार रजेवर होते. मुलीने घर बदललं होतं, सामान हलवायचं होतं. मंगळवारी दुपारी दोनला लांबू ओरडला, "ताई, एकोणीस! एकोणीस वेळा मोकळ्या झाल्या!" ताई खूश झाली. एकोणीस म्हणजे बुधवारच्या चाळीसपैकी जवळजवळ निम्म्या. सगळ्यांनी मिळून तासाभरात एकोणीस फोन लावले, एकोणीस जागा भरल्या. गेल्या मंगळवारी फक्त सात वेळा मोकळ्या झाल्या होत्या आणि आज एकोणीस, हा फरक कुठून आला, हे विचारायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही.

बुधवारी दहा वाजता काउंटरवरून फोन आला. "ताई, खाली या. आत्ताच्या आत्ता."

काउंटरपुढे गर्दी होती. ज्यांच्या वेळा काढून घेतल्या होत्या त्यातली माणसं आली होती, आणि येतच होती. दुपारपर्यंत ती अकरा झाली. कोणी मुलाचा हात धरून, कोणी काठीने फरशी चाचपत. सगळ्यांच्या हातात कार्ड, कार्डावर आजची तारीख. लांबू घामाघूम होऊन त्यांना समजावत होता, "आम्ही मेसेज पाठवला होता, तुमचं उत्तर आलं नाही."

सगळ्यांत पुढे एक बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, केस चापूनचोपून बसवलेले, काळा चष्मा. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं आवाजातून कळत होतं. बरोबर त्यांचा भाऊ होता, त्याच्या हातात पाण्याची बाटली आणि फायलींची पिशवी.

"कसला मेसेज?" बाईंनी विचारलं.

"मोबाइलवर, आजी. एक दाबायचं होतं."

"अहो, मला मेसेज दिसत असता तर मी इथे कशाला आले असते?"

मागे कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. लांबूनेही, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, काही विनोद केला नाही.

ताई पुढे झाली. हात जोडून म्हणाली, "चूक आमची आहे. कोणीही परत जायचं नाही. डॉक्टर सगळ्यांना बघतील." हे ती कोणाला न विचारता बोलून बसली होती. मग वर जाऊन डॉक्टरांची बोलणी खाल्ली. चाळीसच्या जागी एक्कावन्न रुग्ण, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना डोळ्यात द्यायचं इंजेक्शन, जे महिन्याच्या महिन्याला घ्यावं लागतं, पुढे ढकलून चालत नाही. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, परिचारिकांनी तोंडं वाकडी केली, पण सगळ्यांना बघितलं. बाईंचा नंबर लागायला पाच वाजले. तोवर त्या बाहुली मोठी करायचे थेंब घालून, डोळे मिटून, भिंतीला टेकून बसून होत्या. जाताना ताईला म्हणाल्या, "कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," ताई म्हणाली.

"मग त्या डोक्याला सांगा, नंबर माझ्या भाच्याचा आहे. तो दुसऱ्या गावात असतो. मला महिन्यातून एकदा फोन करतो, तोही आठवण झाली तर."

खोलीत परत आली तेव्हा चिमणी जागेवर नव्हती. जिन्याखाली पाण्याच्या पिंपापाशी सापडली. रडून झालं होतं. "ताई, माझ्यामुळे झालं. मला वाटलंच कसं नाही? डोळ्यांचं रुग्णालय, आणि मी त्यांना वाचायला सांगतेय."

"मलाही वाटलं नाही. नऊ जणांपैकी कोणालाच वाटलं नाही," ताई म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हे खरं नाही. नऊपैकी एकाला वाटलं होतं.

घरी निघायच्या आधी तिने गेल्या आठवड्याच्या नोंदी उघडल्या. कोणती वेळ कोणी पक्की केली ते प्रणालीत नोंदलेलं असतं, फक्त कोणी बघत नाही. गेल्या मंगळवारी पंधरा जणांचं उत्तर आलं नव्हतं. त्यातल्या अकरा वेळा हाताने पक्क्या केलेल्या होत्या आणि चार रद्द. बारा वाजून दहा मिनिटांपासून दोनला दहा मिनिटं कमी असेपर्यंत. सगळ्यांपुढे एकच लॉगिन. काकांचं. ती त्यांची जेवणाची सुट्टी होती.

गुरुवारी काका आले. ताईने त्यांना वरच्या गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात गाठलं. तिथे ते रोज आल्या आल्या पाच मिनिटं उभे राहत.

"काका, गेल्या मंगळवारी तुम्ही पंधरा जणांना फोन केलेत."

"चौदा लागले. एक लागला नाही, त्याची वेळ मी तशीच ठेवली. तोच आला नाही बघ बुधवारी."

"मला सांगितलं का नाहीत?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. "सांगायला तोंड उघडलं होतं. तू चार बोटं दाखवलीस."

खालून कुठूनतरी फोनची घंटा ऐकू येत होती.

"नंतर मला एकटीला सांगायचं होतंत," ती शेवटी म्हणाली. "माझ्या टेबलापाशी या म्हटलं होतं ना मी मेलमध्ये."

"आलो असतो. पण मेल वाचून सगळे हसत होते गं. लांबू घोषणा देत होता. मग वाटलं, असेल खरं. आपण असूच तसे, प्रत्येक गोष्टीवर पाणी ओतणारे. या वेळी गप्प बसू." ते कठड्याला टेकले. "आणि पोरगी पहिल्यांदा काही बोलली होती. म्हटलं, फोन आपण करू, कल्पना तिची चालू दे. कोणाला कळायचं कारण नाही. रजेचं मात्र डोक्यातून गेलं. सामानाच्या गडबडीत आज मंगळवार आहे हेच विसरलो."

"तेवढंच?"

काका हसले. "तू फोनवर माणसांना बोलतं करायला शिकलीस, ते माझ्यावरच वापरतेस. नाही, तेवढंच नाही. थोडं असंही वाटलं, बघू या यांना केव्हा कळतंय. हे चांगलं नव्हतं. अकरा माणसं पाच-पाच तास बसली, त्यात माझाही वाटा आहे."

"काका, हे खरंच आधी करून पाहिलं होतं?"

"हो. नऊ वर्षांपूर्वी."

"मग काय झालं होतं?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "फोन सुरू झाले. चल." आणि जिना उतरू लागले.

ताईने त्या दिवशी सगळ्यांना दुसरा मेल लिहायला घेतला. पहिल्याला एक दुपार लागली होती, हा तीन दिवस लिहीत होती. 'नियम चार रद्द' असं लिहिलं, ते खोडलं. नियम चार नुसता रद्द केला तर पुन्हा एका तासात सात वेळा तेच वाक्य येणार आणि चिमण्या पुन्हा गप्प होणार. ठेवला तर ज्याला माहीत आहे तो गप्प. तिच्या लक्षात आलं की काकांचं वाक्य तिला सात वर्षं खटकत होतं ते चुकीचं होतं म्हणून नव्हे. ते अर्धवट होतं. आणि त्याचा उरलेला अर्धा भाग तिने त्यांना कधी विचारलाच नव्हता. वाक्य ऐकलं की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि आठी बघून काका थांबायचे.

शेवटी तिने लिहिलं ते असं:

"मंडळी,

बुधवारी जे झालं त्याची सुरुवात माझ्या मेलपासून झाली. चौथा नियम मी गंमत म्हणून लिहिला असं मी स्वतःला सांगत होते, पण तो एका माणसाला गप्प करण्यासाठी होता. त्या माणसाची मी सगळ्यांसमोर माफी मागते.

आता चौथा नियम असा: 'आधी करून पाहिलंय' असं जरूर म्हणा, पण तिथे थांबू नका. केव्हा केलं, काय केलं, कुठे अडलं आणि आज काय वेगळं आहे, एवढं सांगूनच खाली बसा. आणि ऐकणाऱ्यांनी, म्हणजे मुख्यतः मी, मध्ये हसायचं नाही.

सहावी कल्पना बंद केलेली नाही. सोमवारी तिच्यावर बसू या."

या वेळी कोणी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली नाही. लांबू मात्र काकांच्या टेबलापाशी जाऊन काहीतरी पुटपुटला. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात वर केला, पण तो पाठीपर्यंत पोचेना, म्हणून दंडावर मारला.

सोमवारी बैठक सुरू झाली आणि सगळे काकांकडे बघू लागले. काका अवघडले. "नऊ वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "असंच मेसेजचं केलं होतं. मग बंद केलं." आणि थांबले. ताईने काही विचारायच्या आधीच टेबलाच्या त्या टोकावरून बारीक आवाज आला.

"कुठे अडलं, काका?"

काकांनी चिमणीकडे पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कल्पना माझी होती," ते म्हणाले. "आत्ताच्या मॅनेजरांच्या आधीचे जे साहेब होते, त्यांना मीच सुचवली. मोठं कौतुक झालं माझं. तिसऱ्या आठवड्यात एक सुतार आले. उंच, हाताला भुसा लागलेला तसाच. दुकानातून थेट आले असावेत. त्यांचा नंबर होता दुकानमालकाचा. मी काउंटरवर होतो. मी म्हटलं, तुमची वेळ रद्द झालीय, उत्तर नाही आलं तुमचं. ते म्हणाले, 'बरं.' आणि गेले."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी भांडायला हवं होतं. परवा त्या शिक्षिकाबाई भांडल्या ना, तसं. सगळे भांडत नाहीत. त्यांना वाटलं आपलीच चूक. पुढची वेळ मागितलीच नाही त्यांनी. पाच महिन्यांनी आले, तोवर डाव्या डोळ्याचं काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, 'तुम्हीच होतात ना मागे?' तक्रार म्हणून नाही. ओळख लागली म्हणून."



"आणि हे कुठे लिहून ठेवलं नाही?" ताईने हळूच विचारलं.

"कोण लिहिणार? कल्पना माझीच. योजना गुपचूप बंद झाली, साहेब बदलले. माझ्यापाशी एक वाक्य उरलं, ते मी म्हणत राहिलो. पुढचं सांगायला जीभ वळायची नाही." त्यांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर घातला. "प्रत्येक वेळी सुतारच असायचे असं नाही हां. तुमच्या पंख्याच्या बाबतीत मी नुसताच खोडा घातला होता."

आधी लांबू हसला, मग बाकीचे. ते हसणं वेगळं होतं.

मग ते दीड तास बसले. चिमणीने आपल्याच कल्पनेतली एक ओळ खोडली: उत्तर न आल्यास वेळ मोकळी होईल, ही. गप्प राहणं म्हणजे नकार नव्हे, असं ठरलं. ज्याचं उत्तर येणार नाही त्याला मंगळवारी बारा ते दोनमध्ये फोन करायचा, माणसाने माणसाला, आणि तो 'येत नाही' म्हणाला तरच वेळ दुसऱ्याला द्यायची. नोंदणीच्या वेळी एक प्रश्न वाढवायचा: हा मोबाइल कोणाचा आहे, आणि मेसेज तुम्हाला वाचता येतो का? नाही म्हटलं तर मेसेज पाठवायचाच नाही, थेट फोन. फोन कोण करणार यावर थोडी खडाखडी झाली, कारण दोन तास म्हणजे दोन तास असतात. शेवटी पाळी लावली. पहिली पाळी ताईने घेतली, आणि काकांना त्यातून वगळलं. त्यांनी हरकत घेतली, ती कोणी ऐकली नाही.

महिन्याअखेरीस आकडे आले. आठ-नऊच्या जागी आता तीन-चार खुर्च्या रिकाम्या राहत होत्या. चांगलं होतं, पण डोळे दिपवण्यासारखं नव्हतं. मॅनेजरांना ताईने सगळं लिहून पाठवलं: पहिल्या आठवड्याचा तो सुंदर आकडा कशामुळे आला होता तेही, आणि दुसऱ्या आठवड्यात काय झालं तेही. काकांना आधी वाचायला दिलं होतं. त्यांनी एक स्वल्पविराम बदलला.

मॅनेजरांनी तिला बोलावलं. "सगळ्या विभागांना लावायचं म्हणत होतो मी. पण माणसं लागणार असतील तर कठीण आहे," ते म्हणाले. "तुमच्या विभागापुरतं चालू ठेवा." त्या फेरीत रुग्णालयाने उचलली ती कल्पना दुसऱ्याच टीमची होती: जमिनीवर प्रत्येक विभागाकडे जाणारा जाड पिवळा पट्टा. ताईला आधी वाईट वाटलं. मग काउंटरपुढून एक आजोबा मान खाली घालून, पट्ट्यावर नजर ठेवून, कोणालाही न विचारता बरोबर दारापर्यंत गेले, तेव्हा तिने मान्य केलं की कल्पना बरी होती.

ज्या तेरा कल्पना निवडल्या गेल्या नव्हत्या त्यांची कारणं ताईने शब्द दिल्याप्रमाणे लिहिली. नावं नव्हती, म्हणून ती सगळी कारणं एका कागदावर छापून फळ्यावर लावली. प्रत्येक कारणापुढे थोडी जागा मोकळी सोडली होती. दोन दिवसांनी बघितलं तर तिसऱ्या कारणापुढे काकांच्या तिरप्या अक्षरात तारखांसकट आठ ओळी होत्या, आणि त्यांच्या खाली बारीक, गोल अक्षरात कोणीतरी विचारलं होतं, "पण तेव्हा फोनला एकच लाइन होती ना?"

काकांनी अजून उत्तर लिहिलं नव्हतं. ताई बघत होती तेवढ्यात ते पेन घेऊन आलेच, आणि म्हणाले, "सरक जरा, बघू दे."